पडम्, पाडम्, पट्टम्, पाट्टम्

१. झेड-एचचं कोडं

केरळची सहल ठरली की तिकीट काढतानाच पहिला प्रश्न पडतो. त्या गावाला कोझिकोड म्हणायचं, कोळिकोड म्हणायचं, की कालिकत म्हणून सुटका करून घ्यायची? आपली वर्तमानपत्रं कोझिकोड, अलप्पुझा असं छापतात. मल्याळी माणूस मात्र या दोन्ही नावांत कुठेही झ उच्चारत नाही. तो झ रोमन लिपीतून आलेला पाहुणा आहे. मलयाळममधल्या एका आवाजासाठी रोमनमध्ये अक्षर नव्हतं, म्हणून झेड आणि एच जोडून काम भागवलं गेलं, आणि आपण ती जोडी देवनागरीत जशीच्या तशी झ म्हणून वाचली.

मूळ आवाज ळच्या जवळचा आहे. ळ म्हणायला जीभ मागे वळवा, पण टाळूला टेकू देऊ नका. टाळू आणि जीभ यांच्यात जी फट राहील तिच्यातून आवाज वाहू द्या. ळमध्ये जीभ टाळूला आपटून सुटते, इथे ती आपटतच नाही. द्रविड भाषांतले आवाज लिहिण्यासाठी देवनागरीत काही जादा अक्षरं केलेली आहेत, त्यांत यासाठी ऴ आहे. पुढे मी तेच वापरणार आहे. म्हणजे मऴ (पाऊस), पऴम् (पिकलेलं फळ, बरेचदा केळं), पुऴ (नदी). आलप्पुऴमध्ये हीच पुऴ आहे.

मलयाळम म्हटलं की लोक या ऴला घाबरतात. माझं मत असं की ही भीती चुकीच्या जागी आहे. ऴ नाही जमला तर ळ म्हणा, समजून घेतात. खुद्द मलबारच्या बोलीत त्याचा य होतो आणि गावाचं नाव कोयिक्कोड असं ऐकू येतं. शिवाय ज्यावर हिंदी भाषक अडखळतो, तो ल आणि ळ यांतला भेद मराठी माणसाला आयता मिळालेला आहे. कल म्हणजे कला आणि कळ म्हणजे तण, वल म्हणजे जाळं आणि वळ म्हणजे बांगडी, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

आपण खरे अडतो ते दुसरीकडेच. मलयाळममध्ये एखादा आवाज किती वेळ धरायचा यावर शब्दाचा अर्थ ठरतो, आणि ते मोजायची आपल्या कानाला सवय नाही. या प्रकरणाच्या नावातले चार शब्द त्याचेच आहेत. पडम् म्हणजे चित्र (आणि बोलताना सिनेमासुद्धा), पाडम् म्हणजे भातशेत, पट्टम् म्हणजे पतंग, आणि पाट्टम् म्हणजे जमीन खंडाने देणं. हे चारही शब्द वेगवेगळे ऐकू आले आणि वेगवेगळे म्हणता आले, की निम्मं मलयाळम कानात बसलं असं समजायला हरकत नाही.

२. लांबी: जागेची आणि अर्थाची

ह्रस्व-दीर्घ म्हटलं की मराठी माणसाला लाल शाईच आठवते. आपल्याकडे तो लेखनाचा प्रश्न आहे, बोलण्याचा नाही. फूल म्हणताना ऊ लांब होतो, फुलं म्हणताना आखूड. वीट लांब, विटा आखूड. मूल लांब, मुलं आखूड. हे आपण मुद्दाम करत नाही. स्वर शब्दात कुठे बसला आहे त्यावरून त्याची लांबी आपोआप ठरते. शब्दाच्या टोकाचा स्वर आपण लांबवतोच, म्हणून ‘कवि’ लिहा किंवा ‘कवी’ लिहा, तोंडातून एकच आवाज येतो. दिन आणि दीन, सुत आणि सूत या शाळेतल्या जोड्या कागदावर निराळ्या असतात, पण बोलताना त्या संदर्भाने ओळखाव्या लागतात.

मलयाळममध्ये लांबीला जागेचं बंधन नाही. एकाच जागी आखूड स्वर येऊ शकतो आणि लांबही, आणि त्या फरकाने शब्द बदलतो. कुड म्हणजे छत्री, कूड म्हणजे टोपली. निल म्हणजे स्थिती किंवा इमारतीचा मजला, नील म्हणजे निळा. कलम् म्हणजे मातीचं भांडं, कालम् म्हणजे काळ.

हे शब्द वाचताना आपल्या दोन सवयी आडव्या येतात. पहिली म्हणजे शेवटचा अ गिळण्याची. आपण नील वाचतो आणि ‘नील्’ म्हणतो. मलयाळममध्ये शेवटचा अ स्पष्ट उच्चारला जातो, त्यामुळे नील दोन अक्षरी आहे आणि मऴही दोन अक्षरी. दुसरी सवय शेवटचा इ, उ ताणण्याची. कुट्टि म्हणजे मूल, त्यातला इ आखूड आहे. आपण ‘कुट्टी’ म्हणतो, आणि मल्याळी कानाला ते हाक मारल्यासारखं लागतं.

अ आणि आ यांच्याबाबत आणखी एक फरक आहे. मराठीत हे दोन स्वर केवळ लांबीने निराळे नाहीत, त्यांचा रंगच निराळा आहे. अ म्हणताना तोंड अर्धवट मिटलेलं असतं, आ म्हणताना पुरतं उघडलेलं. मलयाळमचा अ बराच उघडा असतो, जणू आखूड केलेला आ. त्यामुळे कलम् ऐकताना आपल्याला ‘कालाम्’सारखं काहीतरी ऐकू येतं आणि कालम्शी त्याचा गोंधळ होतो. इथे स्वराच्या रंगावर विसंबून चालत नाही, वेळच मोजावा लागतो. कलम्मधला पहिला स्वर एका मात्रेचा आणि कालम्मधला दोन मात्रांचा. शाळेत लघु-गुरू मोजले असतील तर ते गणित इथे कामाला येतं.

३. ए आणि ओ यांची धाकटी भावंडं

इ-ई आणि उ-ऊ निदान आपल्या वर्णमालेत जोडीने आहेत. ए आणि ओ मात्र आपल्याकडे एकेकटे आहेत. मलयाळममध्ये त्यांच्याही जोड्या आहेत: आखूड ऎ आणि लांब ए, आखूड ऒ आणि लांब ओ. कॊडि म्हणजे झेंडा आणि कोडि म्हणजे कोटी, शंभर लाखांचा. आखूड स्वर लांबवला की झेंड्याचे कोटी होतात.

हे आखूड स्वर नव्याने शिकावे लागत नाहीत. ते आपल्या तोंडात आहेत, आपण त्यांना नाव दिलेलं नाही इतकंच. ‘एक’ म्हणा आणि मग पत्त्यांतला ‘एक्का’ म्हणा. दुसऱ्या शब्दात ए आपसूक आखूड होतो, कारण पुढे जोडाक्षर आहे. तो आखूड ए पकडा आणि जोडाक्षर नसलेल्या शब्दात वापरून पाहा: ऎविडॆ, म्हणजे कुठे. प्रवासात हा शब्द सतत लागतो, आणि त्यातले दोन्ही ऎ आखूड आहेत. मराठी माणूस बहुधा ‘एविडे’ म्हणतो. अर्थ पोचतो, पण बोलणाऱ्याचा मुलूख लगेच कळतो.

एके काळी हा भेद मलयाळम लिपीतही दिसत नसे. जुन्या लिखाणात ऎ आणि ए एकाच चिन्हाने लिहीत, आणि वाचणारा संदर्भावरून लांबी ठरवी. एकोणिसाव्या शतकातल्या छपाईत वेगळी चिन्हं रुळली. म्हणजे बोलण्यात भेद आधीपासून होता, लिपीने त्याला जागा नंतर दिली.

४. एकेरी आणि दुहेरी व्यंजन

आता पडम् आणि पट्टम्. तुम्ही म्हणाल, यात लांबीचा प्रश्न कुठे आहे, एकात ड आहे आणि दुसऱ्यात ट. ऐकायला तसं आहे खरं, पण मलयाळममध्ये दोन्ही शब्द टनेच लिहितात. पहिल्यात एक ट, दुसऱ्यात दोन. दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला ट मऊ पडतो आणि ड ऐकू येतो. कचंही तसंच होतं. ‘मकन्’ (मुलगा) असं लिहितात, आणि ऐकू येतं ‘मगन्’. तचं तसंच आणि पचंही थोडंफार तसंच. व्यंजन दुहेरी असलं की त्याला मऊ पडायला वाव राहत नाही. चक्क (फणस) यातला क खणखणीत कच राहतो.

मलयाळम लिपीत ग, ड, द ही अक्षरं नाहीत असं नव्हे. ती आहेत, पण मुख्यतः संस्कृतातून आणि इतर भाषांतून आलेल्या शब्दांसाठी. देशी शब्दात स्वरांच्या मधे ग ऐकू आला, तर पाटीवर बहुतेक वेळा क सापडेल. हा एक नियम कळला की ऐकलेलं आणि लिहिलेलं यांचा मेळ बसायला लागतो.

म्हणजे दुहेरी व्यंजन दोन कामं करतं: आवाज लांबवतं आणि तो कडक ठेवतं. कुडि म्हणजे ‘पी’, कुट्टि म्हणजे मूल. अड हे तांदळाच्या पिठाचं गोड पक्वान्न, आणि ओणमच्या जेवणातल्या अडप्रथमन्मध्ये ती अडच असते. अट्ट म्हणजे मात्र जळू. पुळि म्हणजे चिंच, पुळ्ळि म्हणजे ठिपका.

दुहेरी व्यंजन म्हणजे तेच व्यंजन दोनदा म्हणणं नव्हे. दाराची कडी लावून क्षणभर हात तिथेच ठेवावा आणि मग ती काढावी, तशी जीभ जागेवर टेकवून क्षणभर थांबवायची आणि मग सोडायची. त्या थांब्यात क, ट, त, प यांचा आवाज पूर्ण बंद असतो. ल, ळ, न, म यांचा मात्र चालू राहतो.

मराठीत हे अजिबात नाही असं नाही. दिली आणि दिल्ली, मुला आणि मुल्ला यांत आपण गल्लत करत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे जी व्यंजनं आपल्याकडे दुहेरी होतच नाहीत. ळ्ळ हा त्याचा नमुना. वॆळ्ळम् म्हणजे पाणी, रोज लागणारा शब्द. आपण पटकन ‘वेळम्’ म्हणतो, म्हणजे ऎ लांबवतो आणि ळ आखडतो, दोन्ही बाजूंनी उलटं. ङ आणि ञ यांचंही तसंच. नारळाला तेङ्ङ म्हणतात, आंब्याला माङ्ङ. यात ङ आहे, पण त्यामागे ग नाही. आपण ‘रंग’ म्हणताना ङच्या पाठोपाठ ग सोडतो. तो ग सोडायच्या आधी थांबा आणि ङवरूनच पुढच्या स्वरावर जा. तांदळाच्या पेजेला कञ्ञि म्हणतात, तिथेही ञच्या मागे ज येऊ द्यायचा नाही. आपली कांजी आणि ती कञ्ञि कानाला जवळच्या वाटतात, पण आवाज तिथे वेगळा होतो.

दुसरी अडचण लांब स्वर आणि दुहेरी व्यंजन एकत्र आले की येते. जोडाक्षराच्या आधीचा इ-उ मराठी शब्दांत बहुधा ऱ्हस्व, असं आपलं लेखनही सांगतं आणि जीभही तेच करते: किल्ला, दिल्ली, मुक्काम. ‘आत्ता’सारखे शब्द आहेत, पण थोडे. त्यामुळे पाट्टम् ऐकलं की आपला कान तडजोड करतो. एक तर स्वर आखडून पट्टम् करतो, नाहीतर व्यंजन आखडून पाटम् करतो.

मात्रा मोजल्या तर गोंधळाचं कारणही दिसतं. पडम् तीन मात्रांचा. पाडम् चार मात्रांचा, आणि पट्टम्ही चारच मात्रांचा. दोघांचं वजन सारखं, फक्त एकाने जादा मात्रा स्वरात ठेवली आहे आणि दुसऱ्याने व्यंजनात. वृत्तात पाट्टम्सुद्धा चारच मात्रांत बसतो, कारण गुरू अक्षर दोन मात्रांपलीकडे जात नाही. म्हणून नुसती लय ऐकून भागत नाही, लांबी कुठे ठेवली आहे ते ऐकावं लागतं.

आपलं चुकलं हे कळायचा एक सोपा मार्ग आहे. ओळखीच्या मल्याळी माणसाला ‘बरोबर का?’ असं विचारू नका. सौजन्य म्हणून तो हो म्हणेल. शब्द एकटाच म्हणा, वाक्यात नको, आणि काय ऐकू आलं ते त्याला लिहायला सांगा. तुम्ही पाट्टम् म्हटलं आणि कागदावर पतंग आला, तर दुरुस्ती कुठे करायची ते लगेच कळतं.

५. दोन शब्द जुळतात तेव्हा

दुहेरी व्यंजनं शब्दाच्या पोटातच असतात असं नाही. दोन शब्द जोडले की सांध्यावरही ती उगवतात. कोऴि आणि कोड’ मिळून कोऴिक्कोड’. पाल आणि काड’ मिळून पालक्काड’. आल आणि पुऴ मिळून आलप्पुऴ. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर दुणावलं आहे. (शेवटी दिलेल्या ’ या खुणेचा अर्थ पुढच्या भागात.)

पण हे दुणावणं सरसकट नसतं. पहिला शब्द दुसऱ्याबद्दल काही सांगत असेल, तर ते बहुधा होतं: चक्क म्हणजे फणस, कुरु म्हणजे बी, आणि चक्कक्कुरु म्हणजे फणसाची आठळी. आन म्हणजे हत्ती, आणि आनक्कुट्टि म्हणजे हत्तीचं पिल्लू. दोन्ही शब्द बरोबरीचे असले, की दुणावणं होत नाही. कै म्हणजे हात, काल् म्हणजे पाय, आणि हातपाय म्हणजे कैकाल्, एकाच कने. शाळेतल्या भाषेत सांगायचं तर तत्पुरुषाला जोड लागते आणि द्वंद्वाला नाही. आपण समास सोडवून ओळखतो, मल्याळी कानाला ती सूचना एका व्यंजनाच्या लांबीतूनही मिळते.

६. शेवटचा अर्धा उ

वरची ’ ही खूण एका स्वरासाठी आहे. मराठीत तो नाही. मलयाळममध्ये तो शब्दांच्या टोकाला सतत येतो, आणि व्याकरणात त्याला संवृतोकार म्हणतात. उ म्हणायला जीभ ठेवा, पण ओठांचा चंबू करू नका. जो आखूड, मिटलेला आवाज येईल तो हाच. मराठी कानाला तो कधी अ वाटतो, कधी उ, आणि बरेचदा ऐकूच येत नाही.

दक्षिण दिशेला तॆक्क्’ म्हणतात आणि सागवानाला तेक्क्’. पहिला ऎ आखूड, दुसरा ए लांब, पुढे दोन्हीत दुहेरी क आणि मग हा अर्धा उ. आतापर्यंतचं सगळं या एका जोडीत आलं. तेक्क्’ म्हणताना लांब ए आणि दुहेरी क दोन्ही राखायचे आहेत.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही मल्याळी बोलणं हाच साज चढवतं: शेवटचं व्यंजन दुहेरी करायचं आणि मागे अर्धा उ ठेवायचा. बस्स्’, कप्प्’, बुक्क्’. मल्याळी माणसाच्या इंग्रजीचा जो खास ठसका आपल्याला जाणवतो, त्याचा मोठा भाग इथून येतो.

सगळे शब्द असे संपत नाहीत. न, ण, ल, ळ आणि र ही पाच व्यंजनं टोकाला अगदी कोरडी, मागे काहीही न ठेवता येऊ शकतात. पाल् म्हणजे दूध, त्यात ल्नंतर पूर्ण शांतता. हा भेद किती खरा आहे ते एका जोडीने कळतं. अवन् म्हणजे तो, आणि अवन्’ म्हणजे त्याला. न्नंतर अर्धा उ आला की विभक्ती बदलली.

७. दोन र आणि लपलेला ट

मलयाळममध्ये र दोन आहेत. एक मृदू, जिभेचा हलका स्पर्श होतो तो. दुसरा कडक, जिभेचं टोक दातांमागच्या उंचवट्यावर थरथरतं तो. दुसऱ्यासाठी देवनागरीत ऱ हे नुक्त्याचं अक्षर आहे. ओळखीचं वाटतं ना? ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ लिहिताना आपण जो अर्धा र वापरतो, तो संगणकावर याच अक्षरापासून घडतो. आपलं काम वेगळं, अक्षर तेच. करि म्हणजे कोळसा, कऱि म्हणजे ताटातली कढी-भाजी, इंग्रजीतल्या करीची नातलग.

आता खरी गंमत. हा ऱ दुहेरी लिहिला, की तो र राहतच नाही. त्याचा ट होतो, पण आपला ट नव्हे. आपला ट जीभ मागे वळवून येतो. हा ट दातांच्या किंचित मागे येतो, इंग्रज माणूस ‘टी’ म्हणताना येतो तसा. पाऱ म्हणजे खडक, आणि दुहेरी ऱने लिहिलेला तसाच शब्द ‘पाट्ट’सारखा ऐकू येतो आणि त्याचा अर्थ झुरळ. बॅटरी हा शब्दही मलयाळममध्ये याच दुहेरी ऱने लिहितात.

म्हणजे मलयाळममध्ये तकार-टकाराच्या जागा तीन: दातांवर त, दातांमागे हा मधला ट, आणि टाळूवर आपला ट. कुत्ति म्हणजे टोचून किंवा भोसकून, मधल्या टची कुट्टि म्हणजे खुंटी, आणि टाळूच्या टची कुट्टि म्हणजे मूल. पुट्ट्’ वाफवायचं जे उभं नळकांडं असतं, त्याला पुट्टुकुट्टि म्हणतात. त्यातल्या पुट्ट्’चा ट टाळूचा आहे आणि कुट्टिचा ट मधला. मराठी कानाला दोन्ही सारखेच. या फरकावर सुरुवातीला जीव टाकू नये असं मला वाटतं. लांबी आधी, हे नंतर.

न या अक्षराचंही असंच आहे. एकच अक्षर दातांवरच्या नसाठी आणि मधल्या नसाठी वापरतात. शब्दाच्या आरंभी तो दातांवरचा असतो, आन (हत्ती) या शब्दात मधला. ‘ऎन्नाल्’ लिहिलेला शब्द दातांवरच्या नने म्हटला तर ‘तसं असेल तर’, मधल्या नने म्हटला तर ‘माझ्याकडून’. लिपी इथे गप्प बसते.

८. गोल अक्षरं

लिपीने घाबरायचं कारण नाही. अनुक्रम आपलाच आहे: क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. हच्या पुढे आपण ळ घेतो, तेही घेतात, आणि पाठोपाठ ऴ आणि ऱ. शिरोरेघ नाही. वळणं गोल आहेत, आणि त्याचं कारण ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरण्यात शोधतात, कारण तंतूंच्या दिशेने ओढलेली सरळ रेघ पान फाडते. या दोन लिप्यांची एका ग्रंथात भेटही झालेली आहे. कोचीच्या डच अधिकाऱ्याने, व्हान रेडे याने, मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ साली ॲमस्टरडॅमला निघालेल्या त्याच्या पहिल्या खंडात मलयाळम लिखाण आहे, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोचीच्या वैद्यांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदनही आहे.

काना अक्षराच्या उजवीकडे येतो, हे आपल्यासारखंच. इ आणि ई यांच्या खुणाही उजवीकडेच येतात. आपली ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढून नंतर उच्चारायची असते, तो उलटा क्रम तिथे ऎ, ए आणि ऐ यांना लागू आहे. त्यांची खूण अक्षराच्या डावीकडे बसते. ऒ आणि ओ यांत तर अक्षर मधे आणि खुणा दोन्ही बाजूंना: डावीकडे ऎ किंवा ए यांची खूण, उजवीकडे काना. डावी खूण आखूड स्वराची असेल तर ऒ, लांब स्वराची असेल तर ओ. हे लक्षात आलं की कॊडि आणि कोडि पाटीवर नजरेनेच वेगळे काढता येतात.

अनुस्वार म्हणजे सरळ म्. केरळम्, मलयाळम्, ऎऱणाकुळम् या सगळ्यांच्या टोकाला तोच शून्यासारखा गोल असतो. आपल्या पाय मोडण्याच्या खुणेचं काम करणारी चंद्रकला मात्र अक्षराच्या वर बसते, लहानशा चंद्रकोरीसारखी. शब्दाच्या मधे ती स्वर काढून टाकते, आणि टोकाला आली की अर्धा उ दाखवते. टोकाला कोरड्या येणाऱ्या त्या पाच व्यंजनांना स्वतःचे वेगळे आकार आहेत, त्यांना चिल्लु म्हणतात. म्हणून अवन् चिल्लु नने लिहितात आणि अवन्’ साध्या नवर चंद्रकला देऊन.

१९७१ साली केरळ सरकारने टाइपरायटर आणि छापखाने यांच्या सोयीसाठी लिपी सुधारली. उकाराच्या खुणा पूर्वी अक्षराला चिकटून त्याचा आकारच बदलत, त्या सुट्या करून उजवीकडे आणल्या. कितीतरी जोडाक्षरं फोडून मधे चंद्रकला दिली. जुन्या वळणाची पुस्तकं आणि पाट्या अजून दिसतात, त्यामुळे एकच अक्षर दोन रूपांत भेटतं आणि नवशिका गडबडतो. पण त्या मोडतोडीतही क्क, ट्ट, त्त, प्प, ल्ल, ळ्ळ यांसारखी दुहेरी अक्षरं जोडलेलीच ठेवली. मला ते शहाणपणाचं वाटतं. ही अक्षरं पानोपानी लागतात, आणि एका नजरेत ती दुहेरी दिसणं वाचणाऱ्याच्या सोयीचं आहे. टखाली किंवा लखाली तसाच दुसरा लटकलेला दिसला, की जीभ थांबवायची.

९. पाट्या वाचताना

लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती कोकणातून, मंगळूरच्या बाजूने केरळात शिरते, आणि कासरगोडपासून स्टेशनांच्या पाट्या मलयाळम, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन लिपींत येऊ लागतात. सरावाला याहून चांगली जागा नाही. देवनागरी नाव वाचायचं, मग मलयाळम ओळीत दुहेरी अक्षर, लांब स्वराची खूण आणि टोकाची चंद्रकला शोधायची. कण्णूर्: जोडलेला ण्ण, लांब ऊ, शेवटी चिल्लु र. कोऴिक्कोड’: डावी-उजवी खूण मिळून लांब ओ, ती दोनदा, मधे जोडलेला क्क, आणि शेवटी टवर चंद्रकला. तो ट ड म्हणून वाचायचा, कारण तो एकेरी आहे आणि दोन स्वरांच्या मधे आहे. अर्धा उसुद्धा स्वरच.

आता सहलीच्या दोन नावांवर हे सगळं लावून पाहू. इडुक्कि जिल्ह्याचं नाव मलयाळममध्ये इ-टु-क्कि असं लिहिलेलं आहे. ट एकेरी, स्वरांच्या मधे, म्हणून ड. क दुहेरी, म्हणून कडक आणि थांबून. शेवटचा इ आखूड, तो ताणायचा नाही. आपण ‘इदुकी’ म्हणतो, तेव्हा दतल्या चुकीपेक्षा एकेरी क आणि लांबलेला ई जास्त खटकतात.

दुसरं नाव मराठी पर्यटकांच्या तोंडी सर्वांत जास्त असतं, आणि जवळजवळ नेहमी चुकतं. आपण मुन्नार म्हणतो. मूळ नाव मधल्या नचं नव्हे, दातांवरच्या नचं मून्नार् आहे: मूमधला ऊ लांब, मग दुहेरी न, मग लांब आ आणि कोरडा र्. मून्न्’ म्हणजे तीन, आऱ्’ म्हणजे नदी. तीन ओढ्यांच्या संगमावरचं ते गाव. रोमन स्पेलिंगमध्ये ऊची लांबी दिसत नाही हे खरं, पण दिसली असती तरी आपण बहुधा मुन्नारच म्हटलं असतं, कारण पुढे न्न हे जोडाक्षर आहे आणि जोडाक्षराआधी उ आखूड करायचा ही आपली जुनी सवय. ती मोडून ऊ पूर्ण दोन मात्रा धरा, नवर जीभ टेकवून थांबा आणि मग आवर जा. सुरुवातीला शब्द फार संथ वाटेल. दोन्ही लांब्या हाताला लागल्या की मग वेग वाढवा, कारण मल्याळी माणूस कितीही भरभर बोलला तरी त्या दोन्ही राखतो.